पुरळाचा पहिला दिवस : गोवर, कांजिण्या आणि एका खोलीचे घर

ताप आणि अंगावर पुरळ असलेल्या मुलाच्या घरी आरोग्यसेविका किंवा डॉक्टर पोहोचतात, तेव्हा कुटुंबाचा पहिला प्रश्न बहुधा ‘हा गोवर आहे की कांजिण्या?’ असा असतो आणि त्याचे उत्तर पुरळाकडे पाहून मिळेल अशी सर्वांची अपेक्षा असते. ती अपेक्षा चुकीची नाही. मात्र गृहभेटींचे काम दीर्घकाळ करणाऱ्यांना पुरळाच्या रूपाइतकीच त्याची तारीख महत्त्वाची वाटू लागते. ताप कोणत्या वारी आला, पुरळ कोणत्या वारी आणि शरीराच्या कोणत्या भागावर प्रथम दिसले, हे नेमके कळले की निदानाचा मोठा भाग उलगडतो. शिवाय मूल कधीपासून इतरांना संसर्ग देत होते, कधीपर्यंत देत राहील, घरातील दुसरे मूल कधी आजारी पडू शकते आणि ताप कोणत्या दिवशी उतरायलाच हवा होता, हे सारे हिशेब त्याच एका तारखेवर उभे राहतात. म्हणूनच अशा भेटीत वहीवर सर्वप्रथम पुरळाचा पहिला दिवस लिहिण्याची सवय अनुभवी सेविकांनी लावून घेतलेली असते.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी-मानखुर्दचा समावेश असलेल्या एम-पूर्व विभागात, तसेच भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा या सवयीचे मोल प्रकर्षाने दिसून आले. करोनाच्या काळात नियमित लसीकरणात खंड पडला होता, अनेक मुलांना गोवराच्या लशीचा एकही डोस मिळालेला नव्हता आणि दाट वस्तीतील एकेका खोलीत पाच-सहा माणसे राहत होती. पाठ्यपुस्तकात विलगीकरण म्हणजे रुग्णाची खोली वेगळी ठेवणे असे सांगितले जाते. परंतु जेथे खोलीच एक असते तेथे विलगीकरणाचा अर्थ काय, हा प्रश्न त्या काळात दररोज समोर येत होता. गोवराच्या बाबतीत त्याचे एक उत्तर मिळते आणि कांजिण्यांच्या बाबतीत दुसरे. हे दोन आजार नीट ओळखणे गरजेचे ठरते ते मुख्यतः या कारणाने.

गोवराची सुरुवात पुरळाने होत नाही. आधी तीन ते चार दिवस चढत जाणारा ताप असतो, त्याच्या जोडीला कोरडा खोकला आणि वाहणारे नाक असते, आणि डोळे लाल होऊन पाणावतात, त्यामुळे मूल उजेडाकडे पाहण्याचे टाळते. या अवस्थेत आजार साध्या सर्दी-तापासारखाच भासतो, मूल बालवाडीत जात राहते आणि नेमक्या याच दिवसांत त्याच्याकडून सर्वाधिक संसर्ग पसरतो. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधी गालाच्या आतल्या बाजूला, दाढांच्या समोर, लालसर पायावर रव्याच्या कणाएवढे पांढुरके ठिपके दिसू शकतात. न्यूयॉर्कमधील बालरोगतज्ज्ञ हेन्री कॉप्लिक यांनी १८९६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना कॉप्लिकचे ठिपके म्हणतात. ते गोवराची जवळजवळ खात्रीच देतात. मात्र पुरळ उठल्यावर ते लवकर विरून जातात, त्यामुळे ते दिसले नाहीत म्हणून गोवर नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. रडणाऱ्या मुलाच्या तोंडात विजेरीचा प्रकाश टाकून गाल चमच्याने हलकेच बाजूला करणे, एवढ्याने ही तपासणी होते, आणि ती टाळण्याचे कारण बहुतेक वेळा घाई हेच असते.

त्यानंतर पुरळ उठते ते ठरावीक क्रमाने. कानांच्या मागे, मानेवर केसांच्या कडेने आणि कपाळावर सपाट किंवा किंचित उंचावलेले लालसर डाग प्रथम दिसतात, दिवसभरात चेहरा भरतो, दुसऱ्या दिवशी छाती, पाठ आणि पोट, तर तिसऱ्या दिवशी हातपाय. चेहऱ्यावर आणि मानेवर हे डाग एकमेकांत मिसळून सलग चट्टे होतात. त्यांत पाणी कधीही भरत नाही, आणि गोवर व कांजिण्या यांच्यातील पहिला ठळक भेद हाच होय. पुरळ मावळते तेही आले त्याच क्रमाने, म्हणजे चेहऱ्यावरून आधी आणि पायांवरून शेवटी. मागे काही दिवस तपकिरी डाग राहतात आणि कातडीचा बारीक कोंडा निघतो. सावळ्या त्वचेवर गोवराचा लालपणा फिका दिसतो, विशेषतः ट्यूबलाइटच्या प्रकाशात तो सुटून जाण्याचा संभव असतो. म्हणून मुलाला दाराशी, दिवसाच्या उजेडात आणून तिरप्या प्रकाशात पाहण्याचा आणि मानेवरून हात फिरवून खरखरीतपणा जाणवतो का हे तपासण्याचा प्रघात उपयोगी ठरतो. पुरळ उठत असताना ताप सर्वांत जास्त, कधी १०४ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण पुरळ ‘बाहेर पडले’ की ताप लगेच उतरेल अशी समजूत घरोघरी असते आणि तसे होत नाही.

कांजिण्यांचा क्रम निराळा असतो. मुलांमध्ये पूर्वताप फारसा नसतो. किरकोळ ताप आणि पुरळ साधारण एकाच दिवशी दिसतात, आणि अनेकदा आंघोळ घालताना आईला पाठीवर किंवा पोटावर दोन-चार लाल पुटकुळ्या आढळतात, तेव्हाच आजाराची चाहूल लागते. पुरळाचा जोर धड, चेहरा आणि डोके यांवर असतो, हातापायांवर ते विरळ होत जाते. प्रत्येक डाग काही तासांतच उंच होतो, त्यात स्वच्छ पाणी भरून पातळ सालीचा फोड तयार होतो, लाल त्वचेवर दवाचा थेंब ठेवावा तसा तो दिसतो. नंतर पाणी गढूळ होते, फोड मध्यभागी दबतो आणि त्यावर खपली धरते. तीन-चार दिवस नव्या फोडांच्या लाटा येत राहतात, त्यामुळे पोटावरील तळहाताएवढ्या जागेत लाल डाग, ताजा फोड आणि खपली अशा सर्व अवस्था एकाच वेळी सापडतात. कांजिण्यांचे याहून विश्वासार्ह लक्षण नाही. केसांमध्ये बोट फिरवून पाहिल्यास टाळूवरही फोड लागतात, तोंडात टाळ्यावर छोटे व्रण असतात आणि खाज इतकी असते की मुलाची झोप मोडते. गोवरात हे चित्र नसते. हात, पाय आणि तोंड यांपुरतेच फोड असतील व धड स्वच्छ असेल, तर तो बहुधा वेगळाच विषाणुजन्य आजार असतो आणि तो कांजिण्यांच्या नावावर नोंदवला जाऊ नये.

अडचण येते ती पहिल्या चोवीस तासांत, जेव्हा कांजिण्यांच्या डागांत अजून पाणी भरलेले नसते, किंवा लस घेतलेल्या मुलात तुरळक पुटकुळ्या येऊन फोडांविनाच सुकून जातात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात डेंग्यूचा ताप आणि त्यावरील पुरळही याच काळात वस्तीत फिरत असते. अशा वेळी घाईने नाव देण्यापेक्षा ताप आणि पुरळ यांतील अंतर विचारणे, खोकला व लाल डोळे आहेत का पाहणे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन त्याच जागेची कातडी तपासणे हा मार्ग अधिक भरवशाचा ठरतो. गोवराची शंका आल्यास मात्र नोंद दुसऱ्या दिवसावर ढकलता येत नाही; ताप आणि पुरळ असलेले मूल आरोग्य केंद्राला कळवणे आणि रक्ताचा नमुना देणे हे निदान पक्के होण्याआधीच करायचे असते. पुरळाच्या अगदी पहिल्या दिवसांत घेतलेल्या नमुन्यात गोवराविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली द्रव्ये, कधी आढळत नाहीत. म्हणून असा एक अहवाल नकारात्मक आला तरी लक्षणे जुळत असतील तर काळजी तशीच चालू ठेवावी लागते.

गृहभेटींत वारंवार आढळणारे तपशील एकत्र करून रचलेले एक उदाहरण येथे पुढे मांडले आहे. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत आईवडील, आजी, तीन वर्षांची मुलगी आणि सात महिन्यांचा मुलगा राहतात. मुलीला गोवराच्या लशीचा एकही डोस मिळालेला नाही, बाळाचे वय अजून झालेले नाही, आणि शेजारच्या खोलीत पाच महिन्यांची गर्भवती स्त्री राहते. मुलीला सोमवारी ताप आणि सर्दी सुरू झाली, मंगळवारीही ती अंगणवाडीत गेली, बुधवारपासून डोळे लाल झाले आणि शुक्रवारी सकाळी कानांमागे पुरळ दिसले. म्हणजे शुक्रवार हा पुरळाचा दिवस. गोवराचे रुग्ण पुरळाच्या आधी चार दिवस आणि नंतर चार दिवस संसर्ग देतात असे धरले जाते. म्हणून शुक्रवारपासून मागे मोजले तर संसर्गाचा काळ सोमवारी सुरू झाला आणि पुढे मोजले तर तो मंगळवारी संपेल. अंगणवाडीतील सोमवार-मंगळवारची हजेरी त्यामुळे तपासावी लागते. पटावर हजर असलेली मुले, त्यांची वये आणि त्यांची लसीकरण कार्डे हे त्या दिवसाचे खरे काम होय.

हा हिशेब मांडला की विलगीकरणाचा अर्थही स्पष्ट होतो. गोवराचा विषाणू खोकल्यातून हवेत जातो आणि रुग्ण निघून गेल्यावरही बंद खोलीच्या हवेत सुमारे दोन तास टिकून राहू शकतो. रोगप्रतिकारशक्ती नसलेली दहा माणसे रुग्णाच्या निकट संपर्कात आली तर त्यांपैकी नऊ आजारी पडतात. ज्या खोलीत मुलगी चार रात्री खोकली, त्याच खोलीत बाळही झोपले. तेव्हा शुक्रवारी मुलीला पडद्याआड ठेवून बाळाला वाचवता येईल असे कुटुंबाला सांगणे हे त्यांची दिशाभूल करणे ठरेल. संपर्कानंतर ७२ तासांच्या आत गोवराची लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होऊ शकतो, परंतु सोमवारी सुरू झालेल्या संपर्काची ही मुदत गुरुवारी, म्हणजे पुरळ दिसण्यापूर्वीच, संपून गेलेली असते. बाळासाठी उरतो तो तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनचा, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचा, पर्याय, जो संपर्कापासून सहा दिवसांत, या उदाहरणात रविवारपर्यंत, उपयोगी पडतो; तो मोठ्या रुग्णालयातच मिळतो आणि त्याचा निर्णय बालरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा असतो, म्हणून ज्या शुक्रवारी पुरळ दिसले त्याच दिवशी बाळाची चिठ्ठी लिहिली गेली पाहिजे.

मग मुलीला घरी वेगळे ठेवायचे ते कोणासाठी, असा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर दाराबाहेर असते. शेजारची गर्भवती, गल्लीतील लस न झालेली लहान बालके, कुपोषित मुले आणि स्टेरॉइड किंवा कर्करोगाची औषधे चालू असलेली मुले यांना शुक्रवारपासून मंगळवारपर्यंत त्या खोलीत येऊ न देणे हे साध्य होण्यासारखे आहे. शेजारचे लसीस पात्र असलेले मूल शुक्रवारी प्रथमच त्या घरात आले असेल, तर त्याच्यासाठी ७२ तासांची मुदत सोमवारपर्यंत खुली असते आणि तेथे लस खरोखर वेळेवर पोहोचू शकते. गर्भवतीला ही लस देता येत नाही, त्यामुळे तिची पूर्वीची लस किंवा आजार विचारून तिला डॉक्टरांकडे पाठवणे आवश्यक असते. खिडकी आणि दार उघडे ठेवणे, मुलीचे अंथरूण खिडकीकडे नेणे, तिची शुश्रूषा पूर्वी गोवर होऊन गेलेल्या एकाच व्यक्तीने करणे आणि रुग्णालयात न्यायचे असल्यास आधी कळवून रांगेबाहेर बसवणे, इतके एका खोलीतही होते. अनेक घरांत दारावर कडुलिंबाचा डहाळा लावतात आणि पाहुण्यांना येऊ देत नाहीत. या प्रथेमागील श्रद्धा कोणतीही असो, ती दारावरची वर्दळ थांबवते, आणि म्हणून तिच्याशी वाद घालण्याचे काही कारण नाही. वाद घालावा लागतो तो त्याच श्रद्धेपोटी दूध, डाळ, तेल आणि औषध बंद केले जाते तेव्हा.

कारण गोवरात मूल दगावते ते पुरळामुळे नव्हे. विषाणू श्वासनलिकेचे आणि आतड्याचे अस्तर सोलवटून टाकतो, त्याच वेळी शरीराची पूर्वी कमावलेली प्रतिकारशक्तीही काही आठवडे ते महिने दुबळी करतो, आणि त्या दुबळेपणात न्यूमोनिया, जुलाब, कानाचा पू आणि तोंडातील व्रण घर करतात. पोषण कमी असलेल्या मुलाचे जेवण याच काळात तोडले तर हा उतार अधिक वेगाने होतो. अ जीवनसत्त्वाचा साठा गोवरात झपाट्याने संपतो, त्यामुळे बुबुळावरील पारदर्शक पडदा कोरडा पडून त्यावर व्रण होऊ शकतो आणि कायमचे अंधत्व येऊ शकते. यावरील उपाय साधा आणि स्वस्त असल्यामुळे तो चुकणे अधिक वेदनादायक वाटते : निदान झाले त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी असे अ जीवनसत्त्वाचे दोन डोस, वर्षापेक्षा मोठ्या मुलाला प्रत्येकी दोन लाख युनिट, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला प्रत्येकी एक लाख युनिट आणि सहा महिन्यांखालील बाळाला प्रत्येकी पन्नास हजार युनिट. सरकारी केंद्रातील द्रावणात एका मिलिलिटरला एक लाख युनिट असतात, म्हणून उदाहरणातील मुलीला शुक्रवारी दोन मिलिलिटर आणि शनिवारी दोन मिलिलिटर दिले जातील. हे मोजमाप आरोग्य कर्मचाऱ्यानेच करायचे असते. बाटली घरी आणून रोज पाजण्याचे हे औषध नाही, कारण ते जास्त झाल्यास अपाय होतो. डोळ्यांत काजळ, मध किंवा झाडपाल्याचा रस घालणे थांबवून उकळून गार केलेल्या पाण्याने कापसाच्या बोळ्याने डोळे पुसावेत, आणि बुबुळ धुरकट दिसू लागल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पुरळाच्या तारखेचा तिसरा उपयोग येथे होतो. गुंतागुंत नसलेल्या गोवरात पुरळ हातापायांपर्यंत पोहोचल्यावर, म्हणजे साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, ताप उतरू लागतो. उदाहरणातील मुलीचा ताप रविवारी-सोमवारी ओसरू लागायला हवा. तो तसाच राहिला, किंवा एक दिवस उतरून पुन्हा चढला, तर विषाणूवर जिवाणूंचा दुसरा संसर्ग बसला असावा असे समजून न्यूमोनिया आणि कान तपासावेत. आईने ‘पुरळ तर जात आले, पण पोर मलूल झाले’ असे म्हणणे हे कोणत्याही अहवालाइतके गंभीर मानले पाहिजे. श्वास मोजण्याची पद्धत सोपी आहे : मूल शांत असताना, शक्यतो आईच्या मांडीवर झोपलेले असताना, सदरा वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजायची, अर्धा मिनिट मोजून दुप्पट केल्यास लहान मुलांत चूक होते, कारण त्यांचा श्वास अनियमित असतो. दोन ते बारा महिन्यांच्या बाळात मिनिटाला ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. मुलीचा श्वास सोमवारी ४८ भरला, तर पुरळ फिके पडलेले असले तरी तिला न्यूमोनिया असल्याचे धरून त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले पाहिजे. बरगड्यांखालचा भाग श्वासागणिक आत ओढला जात असेल, शांत असतानाही श्वास घेताना घरघर किंवा कर्कश आवाज येत असेल, मूल काहीच पीत नसेल, आकडी आली असेल किंवा जागे करूनही ते नीट जागे होत नसेल, तर केंद्रात न थांबता थेट रुग्णालयात दाखल करावे लागते. मुंबईत अशा साथीच्या रुग्णांसाठी कस्तुरबा रुग्णालय आहे आणि २०२२ मध्ये बरीच मुले तेथे दाखल झाली. सुमारे हजार रुग्णांत एकास मेंदूला सूज येते. फार क्वचित, पुरळ गेल्यानंतर सात-दहा वर्षांनी, शाळेत जाणाऱ्या मुलाची स्मरणशक्ती आणि चालणे हळूहळू ढासळवणारा, सध्या बरा न होणारा मेंदूचा विकार उद्भवतो. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांना त्याचा धोका अधिक असतो, आणि लहान बाळांच्या संपर्काबद्दल इतका आग्रह धरण्याचे हेही एक कारण आहे.

बाळाचा हिशेबही त्याच सोमवारपासून करायचा. संपर्कापासून साधारण दहाव्या दिवशी ताप आणि चौदाव्या दिवशी पुरळ अपेक्षित असते; म्हणजे पुढच्या आठवड्यातील गुरुवारच्या आसपास बाळाला सर्दी झाली तर तिला साधी सर्दी मानता येणार नाही. शेवटच्या संपर्कापासून एकवीस दिवस लक्ष ठेवावे लागते. ही तारीख भिंतीवरील कॅलेंडरवर खूण करून दिली तर घरातील सर्वांना ती समजते, असा सेविकांचा अनुभव आहे. तोंडी सांगितलेले ‘दोन आठवडे’ प्रत्येक जण वेगळ्या दिवसापासून मोजतो.

कांजिण्यांच्या घरात हाच हिशेब मवाळ, पण काही बाबतींत अधिक सावध होतो. येथे मूल पुरळाच्या एक-दोन दिवस आधीपासून संसर्ग देऊ लागते आणि ठरावीक दिवस भरल्यावर नव्हे, तर शेवटच्या फोडावर खपली धरल्यावर ते थांबते. त्याला बहुधा पाच ते सात दिवस लागतात. म्हणून शाळेत परत पाठवण्याची तारीख आधी ठरवून देता येत नाही, संपूर्ण अंग, केसांची मुळे आणि काखा पाहून ताजा फोड उरला नाही हे तपासावे लागते. खपल्या गळून पडेपर्यंत थांबण्याची गरज नसते. विषाणू खोकल्यातून तसेच फोडातील पाण्यातूनही पसरतो, त्यामुळे टॉवेल, कपडे आणि अंथरूण वेगळे ठेवण्याला येथे गोवरापेक्षा अधिक अर्थ आहे. दुसरे भावंड दहा ते एकवीस दिवसांत आजारी पडते आणि घरातील दुसऱ्या रुग्णाला पहिल्यापेक्षा अधिक फोड येतात असे नेहमी दिसते. पहिल्या मुलाचे सोपे गेले म्हणून दुसऱ्याबाबत निर्धास्त राहू नये. घरात कोणी बाहेरून आजार आणलेला नसताना कांजिण्या उद्भवल्या, तर आजी-आजोबांना नागीण झाली आहे का हे विचारावे, कारण कांजिण्यांचा विषाणू आयुष्यभर मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो, उतारवयात नागीण म्हणून उठतो आणि त्या फोडांतील पाण्याच्या संपर्काने मुलाला कांजिण्या होऊ शकतात.

कांजिण्यांत मुलांना होणारी सर्वांत सामान्य गुंतागुंत त्वचेतून शिरते. आंघोळ बंद ठेवण्याची प्रथा येथे अपायकारक ठरते, कारण खाजवलेल्या फोडांवर घाम आणि मळ साचून जिवाणू वाढतात. कोमट पाण्याची रोजची आंघोळ, न चोळता टिपून कोरडे केलेले अंग, आखूड कापलेली नखे आणि खाजेसाठी कॅलामाइन एवढे पुरेसे असते. एखाद्या फोडाभोवती लाली पसरत जाणे, तेथे गरम लागणे, ठणका असणे आणि चौथ्या दिवसानंतर ताप पुन्हा चढणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. फोड पाहून लाली थोडीच दिसत असताना मुलाला त्या जागी असह्य दुखत असेल, तर खोल ऊतींत पसरणाऱ्या घातक संसर्गाची शंका घेऊन रात्रीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तापासाठी वजनानुसार पॅरासिटामॉलच द्यावे. ॲस्पिरिनमुळे यकृत आणि मेंदूला सूज आणणारा रीज सिंड्रोम होऊ शकतो, आणि आयबुप्रोफेनचा संबंध अशा गंभीर त्वचा-संसर्गाशी आढळल्यामुळे तेही टाळले जाते. गल्लीतील दुकानातून ‘ताप-अंगदुखीची गोळी’ म्हणून आणलेल्या पाकिटावरील नाव वाचणे हा म्हणूनच गृहभेटीचा भाग असतो. पहिल्या आठवड्याच्या शेवटी किंवा नंतर मूल चालताना झोकांड्या खाऊ लागले, तर लहान मेंदूला तात्पुरती सूज आलेली असते. ती बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप ओसरते, परंतु सतत उलट्या, गुंगी किंवा आकडी असल्यास प्रकरण वेगळे आहे असे समजावे.

निरोगी बालकात कांजिण्या बहुधा निभावून जातात. धोका असतो तो प्रौढ, गर्भवती, नवजात अर्भक आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे मूल यांना. मूत्रपिंडाच्या विकारासाठी स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाच्या घरी किंवा वर्गात कांजिण्या आल्या, तर पुरळ उठण्याची वाट न पाहता त्याच्या डॉक्टरांना कळवावे, कारण प्रतिबंधक इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो पहिल्या चार दिवसांत आणि फार तर दहा दिवसांत द्यावे लागते, तर ॲसायक्लोव्हिर हे विषाणुरोधक औषध पुरळाच्या पहिल्या चोवीस तासांत सुरू केल्यास अधिक गुण देते. आईला प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंतच्या काळात कांजिण्या झाल्या, तर बाळाला विषाणू मिळतो पण आईची प्रतिपिंडे मिळत नाहीत, म्हणून अशा बाळाची व्यवस्था रुग्णालयातच करावी लागते.

लशीचा प्रश्न दोन्ही आजारांत सारखा नाही. कांजिण्यांची लस खासगी बालरोगतज्ज्ञांकडे दोन डोसांत मिळते, पण ती सरकारी वेळापत्रकात नाही. गोवर-रुबेलाची लस मात्र नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान सरकारी केंद्रात मोफत दिली जाते, आणि महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी तिची मोहीमही राबवली गेली. २०२२ च्या उद्रेकात काही भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक डोस देण्यात आला. इतक्या लहान वयात आईकडून आलेली प्रतिपिंडे लशीचा परिणाम काही अंशी दाबतात, त्यामुळे तो डोस मोजणीत धरला जात नाही. उदाहरणातील बाळाला उद्रेकात असा डोस मिळाला तरी त्याच्या कार्डावर नऊ महिन्यांचा आणि सोळा महिन्यांनंतरचा असे दोन्ही रकाने रिकामेच राहतात आणि ते ठरल्या वेळी भरून घ्यावे लागतात.